शौहरची बदली परदेशात, बाजींचा राजीनामा शाळेत : दोन ओळींच्या चिठ्ठीत काय काय अडकतं?

जानेवारीचा पहिला आठवडा. मधल्या सुट्टीत आमच्या ओळखीतल्या एक बाजी भेटल्या. वडशाजवळच्या एका अनुदानित खाजगी शाळेत त्या शिकवतात. त्यांचे शौहर ज्या कंपनीत आहेत, तिने त्यांना दिवाळीच्या सुमारास मस्कतला पाठवलं. बाजी म्हणाल्या, "सर, मुलांना घेऊन मलाही जावं लागेल. तुमचं मराठी चांगलं आहे, राजीनाम्याच्या दोन ओळी लिहून द्या ना."

मी विचारलं, "बाजी, तारीख कोणती टाकायची?"

"तारीख काय, आजचीच टाका. लिहा की तात्काळ प्रभावाने राजीनामा देत आहे."

मी पेन खाली ठेवला. त्या दोन ओळींपैकी "तात्काळ" हा एकच शब्द त्यांना हजारो रुपयांना पडू शकत होता. त्यांच्याच जागी वीस वर्षांहून जुन्या एखाद्या शिक्षिका असत्या, तर "राजीनामा" या शब्दाने आयुष्यभराची पेन्शन गेली असती. आपल्या समाजातल्या बऱ्याच मुली डीएड, बीएड करून खाजगी शाळांत लागल्या आहेत, आणि बऱ्याच घरांतले पुरुष ओमान, सौदी, कतारला नोकरीला आहेत. त्यामुळे हा प्रश्न एकट्या बाजींचा नाही. त्या दिवशी त्यांना जे समजावून सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो. हे खाजगी शाळांपुरतं आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी पंचायत समितीत विचारावं.

कायदा कोणता?

महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा सेवाशर्ती अधिनियम आहे आणि त्याखाली 1981 ची नियमावली आहे. बोलताना सगळे त्याला "एमईपीएस" म्हणतात. शाळेला अनुदान असो वा नसो, शासनमान्य खाजगी शाळांना तो लागू आहे. "आपली संस्था अल्पसंख्याक आहे, आपल्याला हा कायदा नाही" असं काही जण सांगतात, ते बरोबर नाही. अल्पसंख्याक शाळांना मुख्याध्यापकाची आणि मोजक्या तीन कर्मचाऱ्यांची नेमणूक करण्याबाबत त्यात सवलत आहे. बाकी शिक्षकांना कायद्याचं संरक्षण आहे आणि बंधनही आहे.

राजीनाम्याबद्दल त्यात दोन जागा वाचायच्या. राजीनामा कसा द्यायचा ते अधिनियमाच्या कलम 7 मध्ये आहे. केव्हा आणि किती मुदतीचा द्यायचा ते नियम 40 मध्ये आहे. दोन्ही मिळून पानभरही होत नाहीत, पण राजीनाम्याची बहुतेक भांडणं इथेच उभी राहतात.

आधी ठरवा, हा राजीनामाच आहे का?

कागद लिहिण्याआधी स्वतःच्या नियुक्तीची तारीख पाहा. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी शंभर टक्के अनुदानित शाळेत लागलेल्या शिक्षकांना जुनी पेन्शन आहे. ती 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांवर चालते. त्यातला नियम 46 सांगतो की राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त होते, म्हणजे पेन्शनसाठी ती मोजलीच जात नाही. त्याच नियमांतला नियम 66 मात्र असं सांगतो की वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झालेला कर्मचारी तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छा सेवानिवृत्ती घेऊ शकतो, आणि त्याला सेवेच्या प्रमाणात पेन्शन मिळते.

आता 2001 साली लागलेल्या एखाद्या बाजींचा विचार करा. त्यांची सेवा चोवीस वर्षांच्या वर झाली. नोटीस तीन महिन्यांचीच, शाळा सोडण्याचं कारणही तेच आणि शेवटचा दिवसही तोच. पण विषयाच्या ओळीत "राजीनामा" लिहिला तर पेन्शन शून्य, आणि "नियम 66 नुसार स्वेच्छा सेवानिवृत्ती" लिहिली तर दरमहा पेन्शन. "आम्ही नंतर दुरुस्त करून घेऊ" असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. एकदा राजीनामा म्हणून मंजूर झालेला कागद पुढे निवृत्ती म्हणून फिरवणं फार कठीण असतं. वीस वर्षांना थोडेच महिने कमी असतील तर शौहरनी आधी जावं आणि तुम्ही मागून जावं, असाही विचार करावा. अर्हताकारी सेवा किती झाली हे तोंडी हिशेबाने ठरवू नका. सेवापुस्तिका काढून बघा, कारण बिनपगारी रजेचा काही काळ त्यातून वजा होऊ शकतो.

आमच्या बाजी 2008 साली लागलेल्या. त्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएसचं खातं आहे. त्यामुळे त्यांच्यापुढे राजीनामा हाच सरळ मार्ग होता. नोकरी सुटली तरी एनपीएसचा प्राण क्रमांक कायम राहतो. परदेशी जायच्या घाईत ते खातं मोडायला धावू नये. मुदतीआधी बाहेर पडल्यास जमा रकमेचा मोठा भाग वार्षिकीत गुंतवावा लागतो, हातात थोडीच रक्कम येते.

शौहरची नेमणूक एक-दोन वर्षांपुरतीच असेल, तर आधी बिनपगारी असाधारण रजेचा अर्ज देऊन पाहायला हरकत नाही. मात्र ती हक्काची रजा नाही, मंजूर झाली तरच आहे. अर्ज देऊन उत्तर यायच्या आत विमानात बसलात, तर ती विनापरवाना गैरहजेरी ठरते आणि चौकशी मागे लागते.

तीन महिने, पण कोणते तीन महिने?

नियम 40 प्रमाणे कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि अस्थायी कर्मचाऱ्याने एका महिन्याची नोटीस द्यायची. महिने इंग्रजी तारखेने मोजायचे. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच नियमाचा पुढचा भाग फार कमी लोक वाचतात. ज्यांना दीर्घ सुट्टी लागू आहे, म्हणजे शिक्षकांना, सुट्टीत नोटीस देता येत नाही आणि सुट्टीचा कोणताही भाग नोटिशीच्या काळात येता कामा नये. शिवाय पहिलं सत्र सुरू झाल्यापासून एक महिन्याच्या आतही नोटीस देता येत नाही.

कारण साधं आहे. शिक्षकाने एप्रिलमध्ये नोटीस दिली, मे महिना सुट्टीत घालवला, पगार घेतला आणि जूनमध्ये वर्ग सोडून गेला, असं होऊ नये. वर्ग उघड्यावर पडू नये यासाठी ही अट आहे.

आता हे आपल्या भागाच्या कॅलेंडरवर बसवून पाहा. विदर्भात ऊन जास्त असल्यामुळे शाळा इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. 2025 मध्ये त्या 23 जूनला उघडल्या. पुढचा एक महिना बंद, म्हणजे 23 जुलैपर्यंत नोटीस नाही. तिथून तीन महिने मोजले की 23 ऑक्टोबर येतो. पण 2025 ची दिवाळी 21 ऑक्टोबरलाच होती, म्हणजे नोटीस पुरी होण्याआधीच दिवाळीची सुट्टी लागली. त्या वर्षी पहिल्या सत्रात पूर्ण तीन महिन्यांची नोटीस बसतच नव्हती. 2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, त्यामुळे जुलैअखेरीस किंवा 1 ऑगस्टला दिलेली नोटीस ऑक्टोबरअखेर पुरी होऊ शकते. दिवाळी ऑक्टोबरात की नोव्हेंबरात, यावर आपल्या राजीनाम्याची तारीख अवलंबून असते, हे बाजींना ऐकूनच हसू आलं. पण हिशेब तसाच आहे.

दुसऱ्या सत्रात जागा मोकळी असते. उन्हाळ्याची सुट्टी 2 मेपासून धरली, तर 31 जानेवारी ही नोटीस देण्याची शेवटची सुरक्षित तारीख होते, कारण ती 30 एप्रिलला पुरी होते. ज्या उर्दू शाळांना रमजानसाठी वेगळी सुट्टी मंजूर असते, त्यांनी तीही मधे येते का ते शाळेच्या मंजूर सुट्ट्यांच्या यादीत बघावं.

बाजींचा कागद आम्ही 12 जानेवारी 2026 चा केला. त्या दिवसापासून तीन महिने मोजले की 11 एप्रिल हा शेवटचा कामाचा दिवस येतो. उन्हाळी सुट्टी अजून लांब आणि अभ्यासक्रमही जवळजवळ पुरा झालेला. नवीन शिक्षक घ्यायला संस्थेलाही वेळ मिळतो.

समजा, त्यांनी हाच कागद 10 फेब्रुवारीला दिला असता. तीन महिने 9 मे रोजी पुरे झाले असते, म्हणजे सुट्टीचे आठ-नऊ दिवस आत आले असते. संस्था ही नोटीस नियमाविरुद्ध म्हणून परत करू शकते. मग जूनअखेर शाळा उघडेपर्यंत थांबा, त्यानंतर एक महिना थांबा, आणि तिथून तीन महिने मोजा. एका महिन्याच्या उशिरापायी मुलांचं तिकडचं शाळेचं वर्ष हातचं गेलं असतं.

यातून एक वाट आहे. संस्था राजी असेल तर कमी पडलेल्या दिवसांचं वेतन भरून लवकर जाता येतं. हे वेतन म्हणजे फक्त मूळ वेतन, त्यात महागाई भत्ता किंवा घरभाडे धरायचं नाही. शिवाय जितके दिवस कमी पडले तितक्याच दिवसांचं भरायचं, पूर्ण तीन महिन्यांचं नाही. मूळ वेतन 42,000 रुपये धरलं आणि 30 एप्रिलला कार्यमुक्त व्हायचं ठरलं, तर 1 ते 9 मे या नऊ दिवसांचे साधारण 12 हजार रुपये होतात. आणि "तात्काळ" लिहिलं असतं तर? तीन महिन्यांचे 1 लाख 26 हजार.

"आमचे सचिव ओळखीचे आहेत, पैसे न घेताच सोडतील" असं काही जण म्हणतात. ओळख असली तरी नियम त्यांचे हात बांधतो. नोटीस आणि वेतन दोन्ही न घेता संस्थेने शिक्षकाला सोडलं, तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते. म्हणून सचिवांनी पैसे मागितले तर ते प्रत्येक वेळी अडवणूक करत आहेत असं समजू नये. मागितलेला आकडा मूळ वेतनावर आणि कमी पडलेल्या दिवसांवरच काढलाय का, एवढं तपासावं आणि पावती घ्यावी.

कागद कसा द्यायचा?

कलम 7 सांगतं की राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही करायची, दोन्हींवर तारीख टाकायची. एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. इतक्या बारकाईने लिहिण्यामागे कारण आहे. नेमणुकीच्या वेळीच तारीख नसलेल्या कोऱ्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवायची आणि मन मानेल तेव्हा तारीख टाकून शिक्षकाला घरी बसवायचं, असले प्रकार रोखण्यासाठी ही पद्धत आहे. टपालाचा शिक्का हा साक्षीदार असतो. राजीनामा शिक्षकाने स्वतः, त्याच दिवशी पाठवला, हे तो सांगतो.

म्हणून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलेला कागद किंवा व्हॉट्सअॅपवर टाकलेला मेसेज यावर भागवू नका. 2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. त्यामुळे आता देसाईगंजच्या पोस्टात गेल्यावर स्पीड पोस्ट नोंदणीसह आणि पोचवल्याच्या पुराव्यासह हवं, असं स्पष्ट सांगा. पावती आपल्या प्रतीला टाचून ठेवा. मुख्याध्यापकांना वेगळी प्रत हातोहात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या.

आपल्या गावाबद्दल एक खास गोष्ट. रेल्वे स्टेशनवर पाटी वडसा, तालुका देसाईगंज. कोणाच्या पासपोर्टवर एक, कोणाच्या सेवापुस्तिकेत दुसरं. नावाचंही तसंच होतं. सेवापुस्तिकेत माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. राजीनाम्यात सेवापुस्तिकेतलं नाव जसंच्या तसं लिहा. पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर "ऊर्फ" म्हणून जोडा. पुढे तिकडच्या भारतीय शाळेत नोकरी बघायची झाली, तर अनुभवाचा दाखला आणि पासपोर्ट एकाच बाईचे आहेत हे दाखवावं लागतं.

आम्ही लिहिलेला कागद असा होता :

*प्रति,*
*मा. सचिव, (संस्थेचे नाव),*
*देसाईगंज, जि. गडचिरोली.*

*विषय : सहशिक्षिका पदाचा राजीनामा, तीन महिन्यांच्या पूर्वसूचनेसह.*

*महोदय,*
*मी आपल्या (शाळेचे नाव) येथे दिनांक (नियुक्तीची तारीख) पासून कायम सहशिक्षिका म्हणून कार्यरत आहे. माझ्या पतीची नेमणूक ओमान येथे झाल्यामुळे मला कुटुंबासह तेथे वास्तव्यास जावे लागत आहे. म्हणून मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नियम 40 नुसार आजपासून तीन महिन्यांची पूर्वसूचना देत असून, दिनांक 11 एप्रिल 2026 हा माझ्या सेवेचा शेवटचा दिवस राहील.*

*हा राजीनामा मी स्वेच्छेने व कोणत्याही दबावाशिवाय देत आहे. कृपया तो मंजूर करून ठरावाची प्रत, कार्यमुक्ती आदेश व अनुभव प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.*

*दिनांक 12 जानेवारी 2026. सही, नाव, पद.*
*प्रत : मुख्याध्यापक.*

एवढंच. शौहरच्या कंपनीचं नाव, त्यांचा पगार, व्हिसाचा क्रमांक यातलं काही लिहायची गरज नाही. कारण एका वाक्यात पुरतं. शाळेबद्दलच्या तक्रारीही यात नकोत. थकीत वेतन किंवा वेतनवाढीचा फरक बाकी असेल तर त्याचा वेगळा अर्ज करावा. "व्हिसा मिळाला तर राजीनामा समजावा" अशी जर-तरची भाषाही टाळावी. अशा वाक्याचा अर्थ पुढे ज्याला जसा सोयीचा तसा तो लावतो.

व्हिसा अडकला तर?

बाजींचा शेवटचा प्रश्न हाच होता. "सर, कागद दिला आणि तिकडून काही झालंच नाही तर?"

भीती खरी आहे. खाडी देशांत कंपनी नोकरीवर बोलावते ती नवऱ्याला. त्याचं रहिवासी कार्ड झाल्यावर तो बायकोमुलांसाठी अर्ज करतो. पगार, हुद्दा आणि निकाहचे प्रमाणित कागद यावर ते ठरतं. म्हणून शौहरचं नेमणूकपत्र आलं की लगेच राजीनामा देऊ नये. ते तिथे रुजू झाले, कार्ड हातात आलं, कुटुंब आणायची मुभा त्यांच्या हुद्द्याला आहे हे कंपनीकडून लेखी कळलं, की मग नोटिशीची तारीख ठरवावी.

तरीही अडलं, तर राजीनामा मागे घेण्याची वाट असते. 1977 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी 7 मे रोजी राष्ट्रपतींना राजीनामा पाठवला. त्यात 1 ऑगस्टपासून तो लागू होईल असं लिहिलं होतं. 15 जुलैला त्यांनी तो मागे घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1978 मध्ये न्यायालयाने बहुमताने सांगितलं की पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, मात्र नियमात तशी मनाई नसावी. पुढच्या तारखेचा कागद आणि "तात्काळ" चा कागद यांत हा मोठा फरक आहे. तात्काळचा राजीनामा एकदा मंजूर झाला की परतायला दारच उरत नाही.

मागे घ्यायचा असेल तर तोही लेखी, त्याच पद्धतीने नोंदणीकृत टपालाने, शेवटच्या दिवसाच्या पुरेसा आधी पाठवावा. संस्थेने तुमच्या जागी माणूस नेमला असेल तर वाद होऊ शकतो, म्हणून शंका आली त्याच आठवड्यात पाठवावा. आणि जो राजीनामा तुम्ही दिलाच नाही किंवा जबरदस्तीने लिहून घेतला गेला, त्यावरून कामावरून काढलं, तर कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात जाता येतं. त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून फक्त 30 दिवसांची आहे.

निघण्याआधी हातात काय हवं?

11 एप्रिलला बाजी शाळेतून निघाल्या तेव्हा त्यांच्याकडे चार कागद होते. राजीनामा मंजूर झाल्याच्या ठरावाची प्रत, कार्यमुक्ती आदेश, शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी असलेला अनुभवाचा दाखला आणि सेवापुस्तिकेची साक्षांकित छायाप्रत. सेवापुस्तिकेत शेवटची नोंद "राजीनामा मंजूर" अशी आणि बरोबर तारखेची आहे का, हे त्यांनी स्वतः वाचून घेतलं. हे कागद मस्कतहून फोन करून मिळवणं सोपं नसतं. मागे राहिलेल्या अब्बांना गडचिरोलीला खेपा घालाव्या लागतात.

चार्ज देताना हजेरीपट, गुणपत्रकं, पुस्तकं यांची यादी केली आणि घेणाऱ्या मॅडमची सही घेतली. "कपाटाची एक किल्ली मिळाली नाही" एवढ्यावरूनसुद्धा दाखला लटकतो, म्हणून किल्लीचीही ओळ त्या यादीत होती.

शेवटच्या दिवशी बाजी म्हणाल्या, "सर, मी तर दोन ओळी मागितल्या होत्या."

मी म्हटलं, "बाजी, पोस्टात गेल्या त्या दोनच ओळी. बाकी सगळं तारखेचं गणित होतं."